सातवी लालीबाई, आठवी लालीबाई

आर्णीत तहसीलसमोर, चहाच्या टपरीला लागून, अन्सारभाईंचं दुकान आहे. पाटीवर 'टायपिंग, झेरॉक्स, ऑनलाइन अर्ज' एवढंच लिहिलंय. मालकाचं नाव नाही. दुसऱ्यांच्या नावांसाठी इतकं भांडणारा माणूस स्वतःचं नाव लिहायचं विसरला, असं लोक हसून म्हणतात. त्यांना विचारलं तर ते चष्मा कपाळावर चढवतात. "माह्यं नाव कोणाच्या कामाचं? ज्याचा अर्ज त्याचं नाव."

साठी उलटून दोन वर्षं झाली. यवतमाळला टायपिंगच्या क्लासात मिनिटाला चाळीस शब्दांची मराठी परीक्षा पास होऊन ते आले, तेव्हा तहसीलच्या आवारातल्या कडुलिंबाखाली एक मशीन, एक स्टूल आणि कार्बन पेपरचा पुडा घेऊन बसायचे. मशीन गेलं, कॉम्प्युटर आला, कडुलिंबाखालून ते रस्ता ओलांडून या दुकानात आले. आता टायपिंग बहुतेक त्यांची भाची फिजा करते. अन्सारभाई वाचतात. लोक येतात ते या वाचण्यासाठी.

वाचण्याची सवय त्यांना रामधन गुरुजींमुळे लागली. गुरुजींच्या बायकोचा दमा वाढला होता, म्हणून त्यांनी बदलीचा अर्ज केला. टाईप केला अन्सारभाईंनीच. अर्जात शेवटी लिहिलं होतं, 'सोबत वैद्यकीय दाखला जोडला आहे.' दाखला मात्र गुरुजींच्या पिशवीतच राहिला. अर्ज परत आला नाही, त्याला उत्तरही आलं नाही, तो कुठल्यातरी फायलीत एक वर्ष पडून होता. पुढच्या वर्षी गुरुजी पुन्हा आले. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "अन्सार, टाकायच्या आधी तू वाचलं होतं का रे?"

कागदावर 'सोबत' लिहिलंय आणि सोबत काहीच नाही, या गोष्टीनं अन्सारभाईंना त्या काळात झोप येत नसे, असं त्यांची बायको रशीदा सांगते. "शादी नवी नवी होती. मले वाटे, याले कोणी दुसरी आवडते. विचारलं, तं म्हणे, दाखला."

तेव्हापासून त्यांचे चार फेरे ठरले. पहिला नावांचा, दुसरा आकड्यांचा, तिसरा पत्त्याचा आणि चौथा सोबतचा. चारही एकदम करायचे नाहीत. नावं वाचताना आकड्यांकडे बघायचंही नाही, कारण डोळा एका वेळी एकच गोष्ट पकडतो आणि बाकीच्यांवरून घसरतो. वाचायचं कागदावर, पडद्यावर नाही. आकडे दोन-दोन करून मोठ्यानं वाचायचे आणि मूळ कागद गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. गिऱ्हाईक नुसतं "हो हो" म्हणालं की ते थांबतात. "हो नको म्हणू. तू वाच, मी ऐकतो." हातानं लिहिलेला मराठी एक इंग्रजी नऊ होऊन बसतो, हे त्यांनी इतक्यांदा पाहिलंय की १ दिसला की ते बोट ठेवून विचारतातच. चौथ्या फेऱ्यात, पत्रात जिथं जिथं 'सोबत' येतं तिथं ते टेबलावर एक टाचणी ठेवतात. जोडलेली फाईल उघडून, पानं मोजून झाली की टाचणी परत डबीत जाते. टेबल रिकामं झाल्याशिवाय मेल जात नाही.

आणि एक पाचवी गोष्ट आहे, जिला ते फेरा म्हणत नाहीत. मेल गेल्यावर ते 'पाठवलेले' उघडून तो पुन्हा वाचतात. फिजा यावरून त्यांना फार चिडवते. "मामू, गोळी सुटल्यावर बंदुकीत पाहून राह्यले का?"

"गोळी कुठं लागली ते पाहून राह्यलो."

मागच्या हिवाळ्यात, कापूस वेचणीच्या दिवसांत, एका शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमाराला रंजिता राठोड दुकानात आली. आर्णीपासून अकरा किलोमीटरवरच्या तांड्यात बायकांचा भरतकामाचा गट आहे, त्याची ती सचिव. बारावी झालेली, बोलायला चटपटीत. पुण्यातल्या एका संस्थेनं हस्तकलेच्या प्रदर्शनाला त्यांच्या गटाला बोलावलं होतं. रेल्वेची तिकिटं, राहायची सोय, प्रवेशाचे पास, सगळं संस्था करणार होती. त्यासाठी येणाऱ्या बायकांची यादी मेलनं हवी होती, त्याच दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत. संस्थेच्या पत्रात ठळक अक्षरांत लिहिलं होतं: यादीत नाव नसेल त्यांना पास मिळणार नाही, मुदतीनंतर नाव घेतलं जाणार नाही.

रंजिताच्या मागून एक बुटकी बाई आली आणि दुकानात न शिरता बाहेरच्या बाकावर बसली. मांडीवर एक लहानसं गाठोडं. तिचं नाव लालीबाई. तांड्यात तिला नानकी लाली म्हणतात, म्हणजे धाकटी.

"काकी, आत या ना," रंजिता म्हणाली.

"मी इथंच बरी हाव. तू कर तुह्यं."

"काहून आल्या तुम्ही मंग एवढ्या लांब?"

"माह्यं नाव पाठवून राह्यले ना. मी पाहाले नको?"

रंजिता आत येऊन हसत सांगू लागली. नानकी लालीची मुलगी अंजू लग्न होऊन पुण्याला गेली, नवरा कंपनीत. सहा महिन्यांपूर्वी तिला मुलगी झाली. नानकी लालीनं नात पाहिली ती मोबाईलवर, तीही नेटवर्क आलं तेव्हा. एकटीला एवढ्या लांब पाठवायला नवरा तयार नव्हता. गटासोबत जाते म्हटल्यावर तयार झाला. गाठोड्यात नातीचं टोपरं होतं, आरशांचं आणि कवड्यांचं. "महिनाभर वेचून आली की रोज संध्याकाळी तेच शिवे," रंजिता म्हणाली. "गटातले बटवे राहिले बाजूलेच."

अन्सारभाईंनी बाहेर मान काढून टोपरं मागून घेतलं, उलटं करून आतले टाके पाहिले आणि परत दिलं. "आतून बी बाहेरच्यासारखं," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठं कौतुक कोणी ऐकलेलं नाही.

मग काम सुरू झालं. रंजिताच्या वहीतून फिजानं पत्र आणि बारा बायकांची यादी टाईप केली: क्रमांक, नाव, जन्मतारीख. अन्सारभाईंनी स्वतः बाराही आधारच्या प्रती स्कॅन करून एक फाईल केली. प्रिंट निघाली. पहिला फेरा नावांचा. रंजिता वही घेऊन समोर बसणार, तेवढ्यात तिचा मोबाईल वाजला. गटाच्या अध्यक्ष बिजलीबाई बाजारात वाट चुकल्या होत्या आणि पत्रावर सही त्यांचीच लागणार होती. रंजिता त्यांना आणायला धावली.

गिऱ्हाइकाशिवाय अन्सारभाई नावांचा फेरा करत नाहीत. त्या दिवशी केला. घड्याळात साडेतीन झाले होते, एवढंच कारण.

लाल पेन घेऊन ते एकेका नावावर टिंब देत गेले. सातवं नाव: लालीबाई बादल राठोड, १ जानेवारी १९७०. आठवं नाव: लालीबाई बादल राठोड, १ जानेवारी १९७०.

अशी चूक त्यांनी आयुष्यात शेकडो वेळा पकडली होती. टाईप करताना नजर वहीत एक ओळ मागे जाते आणि तीच ओळ पुन्हा उतरते. त्यांनी आठवी ओळ खोडली. वहीत पाहायचं होतं, पण वही रंजितासोबत बाजारात. पुढचे क्रमांक एकेकानं वर आले. दुसऱ्या फेऱ्यात आकडे आले. पत्रात तीन ठिकाणी 'एकूण बारा' होतं आणि यादीत तर अकराच नावं. त्यांनी तिन्ही ठिकाणी अकरा केलं. सोबतच्या यादीतल्या 'आधारच्या १२ प्रती'च्याही ११ केल्या. आता सगळं एकमेकांशी जुळलं. असं जुळलेलं पान दिसलं की त्यांचा चेहरा शांत होतो. एक चूक पूर्ण कागदाची कशी समजूत घालत जाते आणि शेवटी सगळा कागद तिच्या बाजूनं बोलायला लागतो, हे पाहणाऱ्याला त्या शांत चेहऱ्यावरून कळलं नसतं.

पावणेचारला रंजिता बिजलीबाईंना घेऊन आली. बिजलीबाई सही करायला शिकून दोनच वर्षं झाली होती. प्रत्येक अक्षर त्या घर बांधावं तशा बांधतात, म्हणून सही झाली तेव्हा चार वाजत आले होते. रंजितानं पत्र चाळलं. तिचा स्वतःच्या वहीपेक्षा अन्सारभाईंच्या कागदावर जास्त विश्वास. बिजलीबाई लगेच उठल्या. "माह्यं ब्लँकेट दुकानदाराजवळ ठेवलं हाय," म्हणत पुन्हा बाजारात गेल्या.

तिसरा फेरा, पत्ता. रंजितानं संस्थेचा ईमेल मोबाईलवर पाहून वहीत उतरवला होता. अन्सारभाईंनी वही बाजूला सारली. "मूळ मेल दाखव."

"चाचा, मी बरोबर लिहिलं. तीनदा पाहिलं."

"मोबाईलमंधी पत्त्याच्या खाली निळी रेघ असते ना? दोन शब्दांच्या मधातली छोटी रेघ तिच्यात लपते. तू तीस वेळा पाहिलं तरी नाही दिसनार." मूळ मेल उघडला, पत्ता तिथून उचलून कोऱ्या पानावर टाकला, रेघ निघून गेली आणि दोन शब्दांच्या मधे खरोखरच एक अंडरस्कोअर उभा राहिला. रंजितानं जीभ चावली. मेल नव्यानं न लिहिता संस्थेच्याच मेलला उत्तर म्हणून पाठवायचं ठरलं, म्हणजे पत्ता लिहायचाच नाही.

चौथा फेरा. टेबलावर चार टाचण्या: सहीचं पत्र, यादी, आधारच्या प्रती, कामाचे सहा फोटो. फिजा एकेक फाईल उघडू लागली. आधारच्या फाईलचं पहिलं पान स्वच्छ आलं. फिजा पुढं सरकवणार, तर अन्सारभाईंनी टाचणी उचलली. "राहू दे, मीच केलंय ते आत्ता." चार वाजून दहा मिनिटांनी मेल गेला.

रंजितानं सुस्कारा सोडला. बाहेर नानकी लालीनं चहा मागवला आणि बशीत ओतून फुंकर मारत बसली.

अन्सारभाईंनी 'पाठवलेले' उघडलं.

"झालं सुरू," फिजा म्हणाली.

त्यांनी पत्र वाचलं, यादी वाचली, फोटो मोजले. मग आधारची फाईल उघडली आणि खालचा आकडा पाहून थबकले. "पानं बारा दाखवून राह्यलं."

"बाराच तर दिल्या मी," रंजिता म्हणाली.

"अकरा पाहिजेत. एक दुबार स्कॅन झालं असंल."

"दुबार कसं होईल मामू? थांबा, पाहते." फिजानं पानं सरकवली. सातवं पान: एक उंच, लांबट चेहऱ्याची बाई, कपाळ मोठं. आठवं पान: गोल चेहरा, बारीक डोळे, कॅमेऱ्याकडे रोखून बघणारे. नाव तेच. तारीख तीच. आधारचे शेवटचे चार आकडे वेगळे.

आठव्या पानावरचा चेहरा बाहेर बाकावर बशीतून चहा पीत होता.

रंजितानं पडद्यावर वाकून पाहिलं. मग म्हणाली, "चाचा, त्या दोघी हायेत. मोटी लाली अन् नानकी लाली. बादलबी दोन हायेत आमच्या तांड्यात, चुलतभाऊ. आधारच्या कॅम्पात वय विचारलं, दोघींनी अंदाजे सांगितलं, तं त्या माणसानं एकच तारीख टाकली. आमच्या निम्म्या बाया एक जानेवारीच्याच." मग तिच्या लक्षात आलं. "तुम्ही एक काढली का?"

"काढली."

अन्सारभाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा फार उघडा दिसतो. तांड्यात जाऊन आलेल्या माणसाला या दोघी एकच का, हे विचारायचंही सुचलं नसतं. तिथं दोन लाली असणं हे दोन झाडं असण्याइतकं साधं आहे. कागदावर मात्र दोन सारख्या ओळी जगत नाहीत. कोणीतरी शहाणा माणूस येतो आणि एक खोडतो.

भिंतीवरच्या घड्याळात चार वीस झाले होते.

"फिजा, पहिली प्रत उघड. खोडायच्या आधीची. रंजिता, वही घे. हो नको म्हणू, वाच."

नावं पुन्हा वाचली गेली, या वेळी वहीतून, मोठ्यानं. बारा. पत्रातल्या तीन जागा, चौथी सोबतची. बारा, बारा, बारा, बारा. अन्सारभाईंनी यादीत एक रकाना वाढवला, आधारचे शेवटचे चार आकडे, आणि रंजितानं प्रतींवरून दोन-दोन करून ते सांगितले. यादीखाली त्यांनी स्वतःच्या हातानं एक ओळ टाईप केली: 'क्र. ७ व क्र. ८ यांची नावे व जन्मतारीख सारखी असली तरी त्या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत.'

"हे कायले?" रंजितानं विचारलं.

"पुण्यात बी कोणी माह्यासारखा बसला असंल."

नव्या पत्रावर पुन्हा सही हवी होती. फिजा कागद फाईलमध्ये घालून स्कूटीवर बाजारात गेली. शुक्रवारचा बाजार, त्यात एक बिजलीबाई. मोबाईल त्या ब्लँकेटमध्ये गुंडाळून बसल्या होत्या म्हणून तो वाजल्याचं त्यांना कळलं नाही. शेवटी ब्लँकेटच्या दुकानासमोर सापडल्या. स्कूटीच्या सीटवर कागद ठेवून त्यांनी सही केली. फिजा म्हणाली, "मावशी, जरा लवकर," तर त्या म्हणाल्या, "तू गाडी हालवू नको, मी लवकर करतो."

तोवर अन्सारभाई मेल लिहून ठेवत होते. पहिल्याच मेलच्या धाग्यात उत्तर, विषयात पुढं 'सुधारित यादी'. पहिलंच वाक्य: 'आज ४.१० वाजता पाठवलेल्या यादीत आमच्याकडून एक नाव चुकून वगळले गेले. ती यादी रद्द समजून सोबतची बारा नावांची यादी ग्राह्य धरावी.' 'आमच्याकडून'च्या जागी त्यांनी आधी 'तांत्रिक कारणाने' लिहिलं होतं. ते बराच वेळ त्याकडे पाहत राहिले आणि मग खोडलं. बदललेल्या दोन फायलीच नाही, चारही पुन्हा जोडल्या. अर्ध्या जुन्या, अर्ध्या नव्या अशा फायली समोरच्या टेबलावर गेल्या की त्यातून तिसरीच यादी तयार होते, हे त्यांना माहीत होतं.

चार पंचेचाळीसला फिजा आली. सहीचं पत्र स्कॅन झालं. टाचण्या पुन्हा चार. या वेळी आधारची फाईल त्यांनी पान पान सरकवून मोजली आणि आठव्या पानाशी थांबून बाहेर एकदा पाहून घेतलं. चार एकावन्नला मेल गेला.

मग संस्थेच्या पत्रातल्या नंबरवर फोन लावला. पलीकडे एक तरुण बाई होती. तिनं मेल उघडला. "अहो, बरं झालं तुम्ही खाली लिहिलंत. मी आठ नंबर उडवलाच असता." मग म्हणाली, "आधीची अकराची डिलीट करते. बारा धरल्या."

"लिहून पाठवता का?" अन्सारभाई म्हणाले.

ती हसली. पाच वाजायला चार मिनिटं असताना तिचं उत्तर आलं: बारा नावं मिळाली, आधीची यादी रद्द.

आता बाहेर जायचं राहिलं होतं. रंजिता म्हणाली, "चाचा, काकीले काही सांगू नका. झालं ना बरोबर." अन्सारभाई उठले, बाहेर गेले आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले.

"लालीबाई, मी तुमचं नाव काढून टाकलं होतं."

नानकी लालीनं त्यांच्याकडे तिच्या आधारवरच्या नजरेनं पाहिलं. "कायले?"

"मले वाटलं, मोटी अन् तुम्ही एकच. दोनदा लिहिली गेली."

"एक कशी? ती केवढी उंच हाय!"

"कागदावर उंची नाही दिसत, बाई."

तिनं विचार केला. "आता हाव का मी?"

"हाव. आठवी."

"अन् मोटी?"

"सातवी."

"मोटीच पुढं," नानकी लाली म्हणाली. "लगनात बी तिचंच पुढं होतं." मग गाठोड्याची सैल झालेली गाठ तिनं पुन्हा मारली. "अंजूले दाखवा ना यादी. तिच्या मोबाईलवर टाका. तिले खरं नाही वाटत मी येऊन राह्यलो म्हून."

अंजूचा नंबर नानकी लालीला पाठ नव्हता. तो रंजिताकडे होता. अन्सारभाईंनी तो दोन-दोन करून लिहून घेतला, परत वाचून दाखवला. मग फिजानं यादीच्या फोटोत सगळ्यांचे आधारचे आकडे झाकून तो पाठवला.

दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या. अंजूचं उत्तर आलं, "यात माही याडी कोनती?" याडी म्हणजे आई.

अन्सारभाईंनी 'आठवी' असं टाईप केलं. बोट पाठवायच्या खुणेवर नेलं आणि थांबले. उठले, बाहेर गेले, लालीबाईंना म्हणाले, "जरा तुमचं आधार दाखवा." तिनं चोळीतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड काढलं. त्यांनी शेवटचे चार आकडे दोन-दोन करून वाचले, आत येऊन यादीत आठव्या नावासमोर बोट ठेवून ते पुन्हा वाचले, आणि मग पाठवलं.